फोटो तुमचे, दुकान दुसऱ्याचं: चोरलेल्या उत्पादन-फोटोंवर कारवाई कशी करायची

एका ग्राहकाने मला एक लिंक पाठवली आणि विचारलं, "हे तुमचंच दुसरं दुकान आहे का?" उघडून पाहिलं तर माझ्या चामड्याच्या वही-कव्हरचे सहा फोटो, खाली माझंच वर्णन आणि वर भलत्याच दुकानाचं नाव. मी हाताने शिवलेली कव्हरं ऑनलाइन विकते. प्रत्येक कव्हरचे फोटो काढायला अर्धा दिवस जातो. ते पान पाहून हात थरथरायला लागले आणि मी पहिल्या पाच मिनिटांत नेमकी नको ती गोष्ट केली: त्या विक्रेत्याला रागारागाने मेसेज पाठवला.

दोन तासांत ते पान गायब झालं. मला वाटलं, संपलं. नऊ दिवसांनी तेच फोटो नव्या दुकानाच्या नावाने परत आले. काही उलटे केलेले, काही कडा कापलेले. पहिल्या पानाचा एकही स्क्रीनशॉट माझ्याकडे नव्हता, त्यामुळे हाच माणूस दुसऱ्यांदा हे करतोय, असं ते दुकान ज्या ऑनलाइन बाजारपेठेवर होतं तिला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी ज्या क्रमाने गेले तो क्रम खाली देते आहे.

## १. आधी पुरावा, मेसेज नंतर

चोरी दिसली की विक्रेत्याला काहीही कळवू नका. त्याच्या पानावर टिप्पणी नको, एक तारा देऊन शेरा नको, समाजमाध्यमावर पोस्ट तर नकोच. त्याला चाहूल लागली की तो पान काढतो किंवा बदलतो आणि तुमची तक्रार ज्या पत्त्यावर बोट ठेवणार तो पत्ताच रिकामा होतो.

एक फोल्डर करा, त्याला त्या दिवसाची तारीख द्या आणि त्यात हे गोळा करा:

- त्याच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट. वरची पत्त्याची पट्टी आणि संगणकाची तारीख-वेळ दिसली पाहिजे. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये पत्ता दिसत नाही, म्हणून हे काम संगणकाच्या ब्राउझरवर करा.
- तेच पान पीडीएफ म्हणून.
- त्याने वापरलेली प्रत्येक प्रतिमा वेगवेगळी डाउनलोड करून.
- पानाची लिंक, दुकानाचं नाव आणि दुकानाच्या मुख्य पानाची लिंक एका साध्या मजकूर फाइलमध्ये.
- तुमच्या स्वतःच्या पानाची लिंक आणि ते पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झालं त्याची नोंद. बहुतेक बाजारपेठांच्या विक्रेता-खात्यात ही तारीख सापडते.

शिवाय `web.archive.org/save` इथे त्याच्या पानाची लिंक टाकून तिथे प्रत साठवून ठेवा. हा पुरावा तुमच्या संगणकाबाहेर राहतो, म्हणून त्याला वजन आहे. काही बाजारपेठांची पानं तिथे नीट साठत नाहीत. साठवलेली प्रत लगेच उघडून फोटो दिसतात की नुसत्या रिकाम्या चौकटी, ते बघा.

आता तुमच्या बाजूचा पुरावा. मूळ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून जशी निघाली तशी, न कापलेली, न सजवलेली. मेसेजिंग अ‍ॅपवरून स्वतःला पाठवलेली प्रत ही मूळ फाइल नव्हे. पाठवताना अ‍ॅप फोटो लहान करतं आणि फोटो कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आत दडलेली माहिती बहुधा पुसून टाकतं. ती माहिती शाबूत आहे का, हे एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनाने असं बघता येतं:

```
exiftool -DateTimeOriginal -Model -ImageSize IMG_4127.JPG
```

पण नुसत्या या तारखेवर विसंबू नका. ती बदलता येते आणि समोरचाही हे जाणतो. खरा भक्कम पुरावा म्हणजे कधीच प्रसिद्ध न केलेले शेजारचे फोटो. निवडलेल्या एका फोटोच्या आगेमागे तुम्ही दहा-बारा काढलेले असतात: एकात प्रकाश कमी, एकात हात मध्ये आलेला, एकात कव्हर अर्धवट उघडं. ती मालिका फक्त फोटो काढणाऱ्याकडेच असते. तसंच न कापलेली मूळ चौकट. चोराकडे टेबलाची कड नसते, ती तुमच्याकडे असते.

## २. त्यातलं नक्की काय तुमचं, ते वेगळं करा

घाईत केलेल्या तक्रारी सगळ्यात जास्त इथे फसतात. "माझं उत्पादन चोरलं" असं लिहिलं की ती कॉपीराइटची तक्रार राहत नाही.

फोटोवरचा हक्क फोटोपुरताच असतो. तसंच कव्हर दुसऱ्या कुणी शिवलं आणि स्वतः फोटो काढून विकायला ठेवलं, तर फोटोच्या हक्काने तुम्ही त्याला थांबवू शकत नाही. आकाराचा, नक्षीचा किंवा नावाचा हक्क हा वेगळा विषय, त्याचे अर्जही वेगळे. तक्रारीच्या अर्जात कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि बनावट माल असे पर्याय असतात. फोटो आणि मजकुरासाठी कॉपीराइटच निवडा. बनावट माल हा शब्द रागाच्या भरात जवळचा वाटतो, पण तो निवडलात तर तुमचा अर्ज भलत्याच टेबलावर जातो.

हक्कासाठी नोंदणी लागते का? १८८६ च्या बर्न करारानुसार सदस्य देशांमध्ये हक्क मिळण्यासाठी कुठलीही नोंदणी किंवा औपचारिकता लागत नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क निर्माण होतो आणि जगातले बहुतेक देश या करारात आहेत. काही देशांत नोंदणीचा फायदा होतो तो न्यायालयात गेल्यावर, नुकसानभरपाई मागताना.

हक्क निर्माण होतो तो मात्र सहसा फोटो काढणाऱ्याच्या नावावर. माझ्या सहा फोटोंपैकी पाच मी काढले होते आणि सहावा, कव्हर हातात धरलेला, एका व्यावसायिक फोटोग्राफरने. मी पैसे दिले होते म्हणून तो माझाच, असं मी धरून चालले होते. आमच्यात काहीच लेखी नव्हतं, आणि अशा वेळी कित्येक देशांत पैसे देणाऱ्याला फक्त वापरायची परवानगी असते. मी पहिली तक्रार पाच फोटोंचीच केली. फोटोग्राफरला विचारलं, त्यांनी एका पानावर "या छायाचित्राच्या वतीने तक्रार करण्याचा अधिकार देत आहे" असं लिहून सही करून दिलं आणि मग सहाव्याची तक्रार वेगळी पाठवली. तुम्ही पुरवठादाराने दिलेले फोटो वापरत असाल तर ते तुमचे नाहीतच. त्यावर तक्रार करू नका.

वर्णनाचंही असंच. लांबी, रुंदी, वजन, चामड्याचा प्रकार ही माहिती आहे. ती कुणाच्याही मालकीची नसते आणि दोन विक्रेत्यांची ती ओळ जुळणं साहजिक आहे. हक्क असतो तो तुम्ही ती गोष्ट कशी मांडली त्यावर. माझ्या वर्णनाचे तीन परिच्छेद होते. पहिला मापांचा, तो मी तक्रारीतून वगळला. दुसऱ्यात मी लिहिलं होतं की रोज अंगठा टेकतो ती जागा वर्षभरात कशी गडद होत जाते. तिथे माझ्या हातून एक शब्द चुकून दोनदा पडला होता. त्याच्या पानावरही तो शब्द त्याच जागी दोनदा होता. तक्रारीत मी तेवढीच ओळ शेजारीशेजारी ठेवली.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही मोठ्या बाजारपेठांत एका उत्पादनाचं एकच सामाईक पान असतं आणि तेच उत्पादन विकणारे सगळे त्या पानावर येतात. तिथे फोटो चढवताना तुम्ही अटी मान्य करून बाजारपेठेला ते वापरू दिलेले असतात. दुसरा विक्रेता त्या सामाईक पानावर दिसतोय म्हणून फोटोचोरीची तक्रार टिकत नाही. तो तुमचं खरं उत्पादन विकत नसेल तर तक्रार मालाबद्दल करायची, फोटोबद्दल नाही.

## ३. आणखी कुठे कुठे आहेत ते शोधा

एक प्रत सापडली की बहुधा ती एकटी नसते. तुमचा फोटो गूगल लेन्समध्ये आणि टिनआयमध्ये टाका. दोन्ही वापरा, कारण लेन्स दिसायला सारख्या वस्तूही दाखवतं आणि टिनआय त्याच प्रतिमेच्या प्रती शोधतं. टिनआयमध्ये सर्वात जुनं आधी असा क्रम लावता येतो, पण ती तारीख टिनआयला ती प्रत प्रथम सापडली तेव्हाची असते, प्रसिद्ध झाल्याची नव्हे.

फोटो आडवा उलटा करूनही शोधा. चोर नेमकं हेच करतात. माझ्या कव्हरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक टाका दुहेरी आहे, दोरा संपला होता म्हणून तिथे परत घातलेला. त्याच्या फोटोत तो दुहेरी टाका उजव्या कोपऱ्यात होता आणि कव्हर चुकीच्या बाजूने उघडत होतं. दोन फोटो शेजारी ठेवून त्या टाक्याभोवती गोल काढला, त्यावर वेगळं काही समजवावं लागलं नाही.

मजकुरासाठी तुमच्या वर्णनातलं सात-आठ शब्दांचं, दुसऱ्या कुणाला सहज सुचणार नाही असं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. मापांची ओळ घेऊ नका, हजार निकाल येतील.

## ४. तक्रार अर्ज भरा

जवळपास प्रत्येक बाजारपेठेला बौद्धिक संपदा तक्रारीचा स्वतंत्र अर्ज असतो. ग्राहकसेवेच्या गप्पांच्या खिडकीत लिहू नका. तिथली माणसं सहानुभूती दाखवतात, पण पान काढायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. बरेच आंतरराष्ट्रीय अर्ज अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या साच्यावर बेतलेले आहेत, म्हणून तुम्ही कुठूनही भरलात तरी विचारतात तेच:

- तुमची मूळ कृती कोणती आणि ती कुठे पाहता येईल
- तिची नक्कल नेमकी कोणत्या लिंकवर आहे
- तुमचं नाव, पत्ता, ईमेल, फोन
- हा वापर हक्कधारकाच्या परवानगीशिवाय आहे अशी तुमची प्रामाणिक खात्री असल्याचं विधान
- माहिती अचूक आहे आणि तुम्ही हक्कधारक किंवा त्यांचे अधिकृत प्रतिनिधी आहात असं शपथेच्या जबाबदारीवर विधान
- सही, ऑनलाइन अर्जात पूर्ण नाव टाइप केलेलं चालतं

लिंक उत्पादनाच्या पानाची द्या. दुकानाच्या मुख्य पानाची किंवा शोध-निकालाची दिलीत तर अर्ज परत येतो. मी प्रत्येक फोटोसाठी दोन ओळी लिहिल्या, अशा:

"त्यांच्या पानावरील तिसरी प्रतिमा ही माझ्या पानावरील पहिल्या प्रतिमेची आडवी उलटी केलेली, कडा कापलेली प्रत आहे. मूळ छायाचित्र मी स्वतः काढले असून न कापलेली फाइल आणि त्याच वेळची चार अप्रसिद्ध छायाचित्रे सोबत जोडली आहेत."

त्यात राग नाही, नुकसानीची कहाणी नाही. अर्ज वाचणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: हे तुमचं आहे का, आणि ते तिथे आहे का.

तुम्ही दिलेलं नाव आणि संपर्क समोरच्या विक्रेत्याकडे जाऊ शकतो. घरून काम करत असाल तर घरचा पत्ता लिहिण्याआधी विचार करा. व्यवसायाचा पत्ता आणि या कामापुरता वेगळा ईमेल असेल तर तोच द्या. आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर याच अमेरिकी कायद्यात भरपाईची जबाबदारी तक्रारदारावर येते. म्हणून शंका असलेला फोटो यादीतून काढा. सहापैकी पाच पक्के असणं, सहापैकी एक खोटा निघण्यापेक्षा कितीतरी बरं.

पाठवल्यावर तक्रार क्रमांक त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. माझं पान तिसऱ्या दिवशी उतरलं. फोटोग्राफरच्या फोटोची तक्रार वेगळी गेल्याने तिला आठवडा लागला.

## ५. समोरच्याचं उत्तर आलं तर

आता मात्र बोलायला हरकत नाही, कारण पुरावा हातात आहे. मला त्या विक्रेत्याचा मेसेज आला की फोटो त्याला घाऊक पुरवठादाराने दिले होते. ते खरं असू शकतं. त्याने त्याची चूक पुसली जात नाही, पण तुमच्यासाठी ही मोलाची माहिती आहे. मी शांतपणे त्या पुरवठादाराची लिंक मागितली आणि त्याने दिली. तिथे माझे फोटो "विक्रेत्यांसाठी मोफत चित्रसंच" म्हणून ठेवले होते आणि आणखी अकरा दुकानांनी तिथूनच उचलले होते. मी आधी त्या अकरांच्या मागे लागले असते तर नवी दुकानं उगवतच राहिली असती. झरा बंद केला, मग एकेक करून बाकीची पानं.

दुसरी शक्यता प्रतिनोटिशीची. विक्रेता शपथेवर म्हणतो की पान चुकून काढलं गेलं. अमेरिकी कायद्याच्या पद्धतीत प्रतिनोटीस मिळाल्यापासून कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत बाजारपेठ ते पान परत लावते. त्याआधी तुम्ही न्यायालयात दावा दाखल केल्याचं कळवलंत तरच ते थांबतं. नुसतं "तो खोटं बोलतोय" असं उत्तर पाठवून काही होत नाही. प्रतिनोटीस आल्याच्या दिवशीच वकिलाशी बोला आणि त्या उत्पादनाची विक्री या खर्चाला परवडते का ते ठरवा. प्रतिनोटिशीत समोरच्याला स्वतःचं नाव, पत्ता द्यावा लागतो आणि न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं, म्हणून पकडले गेलेले बरेच जण तिथवर जात नाहीत.

## ६. चोराचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर

इथे अर्ज भरायला बाजारपेठ नसते. मग ते संकेतस्थळ कुणाच्या सर्व्हरवर आहे ते शोधा. दुकान तयार मंचावर बांधलेलं असेल तर त्या मंचाकडे तक्रार करा. पानाच्या तळाशी बहुधा मंचाचं नाव असतं. नसेल तर संगणकाच्या टर्मिनलमध्ये त्याचं डोमेन टाकून बघा:

```
whois example.com
```

यात डोमेन कुणाकडून घेतलं ते आणि नेमसर्व्हर, म्हणजे ते डोमेन कुठे आहे हे ब्राउझरला सांगणारे सर्व्हर, दिसतात. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असतील तर फाइल बहुधा त्या कंपनीकडे नसते, ती ग्राहक आणि खरा सर्व्हर यांच्या मध्ये उभी असते. तिच्या अर्जातून तक्रार केली की ती खऱ्या होस्टिंग कंपनीकडे पुढे जाते. सोबत गूगलच्या कायदेशीर तक्रार अर्जातून ते पान शोध-निकालांतून काढायची विनंती करा. त्याने पान मिटत नाही, पण शोधून येणारा ग्राहक तिथे पोहोचत नाही. गूगल अशा तक्रारींच्या प्रती ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवतं, तेव्हा अर्जात लिहाल ते जगाला दिसू शकतं असं धरूनच लिहा.

## ७. पुढच्या फोटोंसाठी

फोटोवर आडवा मोठा वॉटरमार्क टाकायचा मोह होईल. आधी तुमच्या बाजारपेठेचे नियम वाचा. कित्येक ठिकाणी मुख्य फोटोवर मजकूर किंवा वॉटरमार्क चालत नाही आणि तुमचंच पान लपवलं जातं. कोपऱ्यातलं छोटं नाव तर कापून टाकायला काही सेकंद लागतात.

त्यापेक्षा खूण दृश्याच्या आतच ठेवा. मी आता प्रत्येक फोटोत कव्हरच्या आतल्या पट्टीवर माझं चिन्ह ठसवलेलं दिसेल असा कोन घेते आणि ते वस्तूच्या मधोमध येईल असं बघते. ते काढायचं तर कव्हरच कापावं लागेल. पार्श्वभूमीला तेच एक लाकडी फळकूट, ज्यावर गाठीचा डाग आहे. उलटा केलेला फोटो मला त्या डागावरून लगेच ओळखू येतो.

चढवायची प्रत मूळ फाइलपेक्षा लहान ठेवा. लांब बाजू १६०० पिक्सेल असली की ग्राहकाला मोठं करून बघता येतं आणि पूर्ण आकाराची फाइल फक्त तुमच्याकडे राहते. वाद झाला की जास्त पिक्सेल कुणाकडे आहेत, हा प्रश्न चटकन सुटतो.

त्याच प्रतीत नाव लिहून ठेवा:

```
exiftool -Artist="Your Name" -Copyright="(c) Your Name" photo.jpg
```

साधन जुनी प्रत `photo.jpg_original` नावाने ठेवतं, ती लगेच उडवू नका. बऱ्याच बाजारपेठा फोटो चढवताना ही माहिती पुसतात, त्यामुळे तिच्यावर भिस्त नको. पण तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उचललेल्या फोटोत ती कधीकधी तशीच राहते आणि चोराच्या पानावरून डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये तुमचंच नाव निघतं.

व्यावसायिक फोटोग्राफर घेणार असाल तर पैसे देण्याआधी एका पानावर लिहून घ्या: हक्क कुणाकडे राहणार, आणि तक्रार कोण करू शकणार. नंतर लिहून घेताना तो माणूस सापडेलच असं नाही.

शेवटचं काम फोटो काढल्याच्या संध्याकाळचं. नाकारलेले, हललेले, अंधारलेले सगळे फोटो पूर्वी मी जागा वाचवायला पुसून टाकायचे. आता प्रत्येक उत्पादनाच्या नावाने फोल्डर करते, त्यात ते सगळे तसेच ठेवते, प्रसिद्ध केलेलं वर्णन मजकूर फाइलमध्ये टाकते आणि पूर्ण फोल्डर क्लाउडवर चढवते. त्या अकरा दुकानांपैकी शेवटच्याची तक्रार मी एका दुपारी वीस मिनिटांत भरली, कारण जोडायच्या चारही फाइली आधीपासून तिथेच होत्या.